सर, पंधरा मिनिटं मिळतील का?

पत्र

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या २००३ च्या बॅचचे एक सर चाकणच्या एका ऑटो कंपनीत सीएई विभागाचे, म्हणजे गाडीच्या भागांची ताकद कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या विभागाचे, प्रमुख आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्यात ते बोलले तेव्हा म्हणाले होते, "नवीन मुलं मेशिंगमध्येच अडकून पडतात." मेशिंग म्हणजे त्या तपासणीसाठी भागाचं मॉडेल छोट्या छोट्या तुकड्यांत विभागायचं काम. मी बाहा या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठीच्या टीममध्ये स्टीअरिंग नकल या चाकाजवळच्या भागाचं अॅनालिसिस केलंय, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही. कार्यक्रमानंतर त्यांच्याभोवती गर्दी होती, भेटता आलं नाही. माजी विद्यार्थी संघाच्या ऑफिसातून मेल आयडी मिळालाय. मेल लिहिला, तर मैत्रीण म्हणाली, "हे काम सांगितल्यासारखं वाटतंय." अजून नरम केला तर भीक मागितल्यासारखा वाटायला लागला. ते मेळाव्याच्या ग्रुपवर मराठीतच लिहितात म्हणून मराठीत लिहिलाय. कसा सुधारू?

*विषय: मार्गदर्शनाबाबत नम्र विनंती*
*आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी असून आपल्यासारखे यशस्वी माजी विद्यार्थी आम्हा सर्वांचे प्रेरणास्थान आहेत. मला सीएईमध्ये करिअर करायचे आहे. तरी आपण आपल्या अमूल्य वेळातून थोडा वेळ काढून मला मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती. सोबत रेझ्युमे जोडला आहे. आपल्या कंपनीत किंवा ओळखीत काही संधी असल्यास कृपया कळवावे. आपण कधी फ्री आहात ते सांगावे, म्हणजे मी फोन करेन. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.*

— टी.ई. मेकॅनिकल, वाळवा तालुका

उत्तर

मैत्रिणीचं बरोबर आहे, पण तिला खटकलं ते शब्दांमुळे नाही. शब्द नम्रच आहेत, जरा जास्तच. खटकतं ते हे, की या आठ-दहा ओळींनी सरांच्या गळ्यात पाच कामं घातली आहेत. तुला नक्की काय विचारायचंय हे त्यांनी ओळखायचं. त्यावर काय मार्गदर्शन करायचं ते ठरवायचं. रेझ्युमे उघडून वाचायचा. कंपनीत आणि ओळखीत जागा शोधायची. आणि वर स्वतःचं कॅलेंडर उघडून 'मी कधी फ्री आहे' हे तुला कळवायचं. वाचणाऱ्याला हे सगळं मोबाइलवर, दोन मीटिंगांच्या मधे दिसतं. तो 'निवांत बघू' म्हणून मेल बाजूला ठेवतो आणि तो तिथेच राहतो. राग येऊन नव्हे, काम जास्त आहे म्हणून उत्तर येत नाही.

म्हणूनच मेल आणखी नरम करून उपयोग झाला नाही. 'अमूल्य वेळ', 'प्रेरणास्थान', 'नम्र विनंती' कितीही वाढवलंस तरी कामं पाचच राहतात. उलट कौतुक जितकं वाढेल तितकं पुढचं मागणं मोठं असणार, असं अनुभवी माणूस गृहीत धरतो. मेल सुधारायचा म्हणजे मागणं लहान आणि ठरावीक करायचं, आणि त्यांच्या वाट्याचं जितकं काम आपल्याकडे ओढता येईल तितकं ओढायचं.

आता एक गंमत बघ. तुझ्या मेलमधलं एकही वाक्य फक्त तुझं नाही. नाव बदलून तो कुठल्याही शाखेच्या कुठल्याही मुलाने कुणालाही पाठवावा असा आहे. पण मला लिहिलेल्या पत्रात तू दोन अस्सल गोष्टी सांगितल्यास. त्यांचं मेशिंगबद्दलचं वाक्य तू ऐकलंस आणि धरून ठेवलंस, आणि तू स्वतः नकलचं अॅनालिसिस केलंस. मेल लिहायचा तो या दोन गोष्टींवर, आणि नेमक्या त्याच मेलमध्ये नाहीत. बहुतेक मुलांचं असंच होतं. मेल 'व्यवस्थित' लिहायला बसलं की अर्जाची भाषा हातात येते आणि खरं सांगण्यासारखं बाहेर राहतं.

एकाच कॉलेजचे असण्यावरही फार भार टाकू नकोस. त्या नात्याने मेल उघडला जातो, एवढंच त्याचं काम. त्यांच्या वेळेवर आपला हक्क त्याने तयार होत नाही. 'आपल्याच कॉलेजची' मधला 'च' काढून टाक, आणि कॉलेजचं नाव विषयाच्या ओळीत ने.

विषयाची ओळ. मोबाइलवर विषयाची साधारण पहिली चाळीस अक्षरं दिसतात, पुढचं कापलं जातं. 'मार्गदर्शनाबाबत नम्र विनंती' वाचून मेल कुणाचा, कशाबद्दल, किती मोठा, यातलं काहीच कळत नाही. शिवाय देणगी मागणारे, सत्काराला बोलावणारे आणि कॉलेजच्या कार्यक्रमाला प्रायोजक शोधणारेसुद्धा हेच शब्द वापरतात. आधी कॉलेजचं बोलण्यातलं छोटं नाव, मग वर्ष-शाखा, मग विषय आणि वेळ, असं लिही: 'अमुक कॉलेज, टी.ई. मेकॅनिकल: सीएईबद्दल १५ मिनिटं?' मधल्या काळात कॉलेजचं नाव बदललं असेल, स्वायत्त झालं असेल, तर २००३ साली जे नाव होतं ते वापर. नव्या नावावरून जुन्या माणसाला पटकन ओळख पटत नाही. प्रश्नचिन्ह मात्र ठेव. ते नसलं तर वेळ ठरल्यासारखं वाचलं जातं.

पहिल्या दोन ओळी. तू कोण आणि त्यांचा पत्ता तुला कुठून मिळाला, एवढंच. दुसरी गोष्ट पुष्कळ जण गाळतात. ऑफिसच्या पत्त्यावर अनोळखी मेल आला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की ह्याला माझा आयडी दिला कुणी? संघाच्या ऑफिसातून घेतला, असं सरळ लिहिलंस की तो प्रश्न मिटतो. कंपनीतल्या बाकीच्यांचे आयडी बघून त्या नमुन्यावर सरांचा आयडी तयार करायचा उद्योग काही मुलं करतात. तो करू नये. मेल पोचला तरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

त्यांनाच का. इथे त्यांचं मेळाव्यातलं वाक्य येतं, एका ओळीत. त्यांच्या पदाचं, पगाराच्या अंदाजाचं, 'यशस्वी' असण्याचं कौतुक नको. त्यांचं बोलणं तू ऐकलंस आणि त्यावरून तुला प्रश्न पडला, यात कौतुक आपोआप येतं. तेही खोटं न वाटता.

स्वतःबद्दल एक वाक्य. सीएईत करिअर करायचंय, हे कुणीही लिहितं. त्याऐवजी नकलच्या कामातला एक तपशील दे. समजा आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश बारीक करत गेलीस तसा तिथला स्ट्रेस वाढतच गेला, थांबेचना, आणि त्या कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, दिल्यावर आकडा स्थिरावला. ज्याने फाइनाइट एलिमेंटचं काम स्वतः केलंय त्याच्या हे लगेच लक्षात येतं. टोकदार आतल्या कोपऱ्यात गणिताप्रमाणे स्ट्रेसला वरची मर्यादाच नसते, त्यामुळे मेश जितका बारीक तितका आकडा मोठा. तो भागाचा खरा स्ट्रेस नसतो. ही गोष्ट जिने स्वतः पाहिली ती नुसती बटणं दाबत नव्हती, हे विभागप्रमुखाला एका वाक्यात कळतं. दोन पानांच्या रेझ्युमेतल्या 'अॅन्सिस, हायपरमेश, सॉलिडवर्क्स' या यादीतून ते कळत नाही. तुझ्या कामात असं घडलं नसेल तर जे घडलं ते लिही. उसना तपशील फोनवरच्या पहिल्या प्रश्नाला उघडा पडतो.

या वाक्यानंतर मात्र थांब. 'तर सर, हे असं का होतं?' असं पुढे विचारलंस की करिअरबद्दलच्या गप्पा राहतात बाजूला आणि प्रोजेक्टची शंका त्यांच्या गळ्यात पडते.

प्रश्न. मेलचा जीव इथे आहे. 'मार्गदर्शन करावे' याला उत्तर द्यायचं तर सरांनी भाषण तयार करावं लागेल. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्यांच्याकडेच असेल, गूगलवर नसेल, चार-पाच मिनिटांत देता येईल आणि देताना कंपनीचं काही गुपित फुटणार नाही. 'मेकॅनिकलला स्कोप आहे का?' हा पहिल्याच चाळणीत गळतो. 'तुमच्या कंपनीत फ्रेशर्सना काय पॅकेज देतात?' हा शेवटच्या चाळणीत. 'कुठलं सॉफ्टवेअर शिकू?' हाही टाळावा. नोकऱ्यांच्या दहा जाहिराती वाचल्या की त्याचं उत्तर समोर येतं, आणि ते न वाचताच विचारतेयस हेही समोर येतं.

तुझ्या बाबतीत चांगला प्रश्न सरांनीच हातात दिलाय. मुलं मेशिंगमध्ये अडकतात, हे ते म्हणाले. मग जी अडकत नाहीत ती कशामुळे पुढे सरकतात? नवीन माणसाला सुरुवातीला मेश करायचंच काम मिळतं, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातून निष्कर्ष काढायच्या आणि डिझाइनवाल्यांशी भांडायच्या कामाकडे माणूस कसा जातो, हे ज्याने पंधरा-वीस जणांना तसं जाताना किंवा राहून जाताना पाहिलंय तोच सांगू शकतो. असा एक प्रश्न आणि त्याच्या जोडीला आणखी दोन, बस्स. पंधरा मिनिटांत सुरुवातीची दोन मिनिटं नमस्कार-चमत्कारात जातात, मग प्रत्येक प्रश्नाला चार मिनिटं. चौथा प्रश्न बसत नाही.

वेळ. 'थोडा वेळ' म्हणजे किती ते त्यांना माहीत नाही, म्हणून ते जास्तच धरतात. आकडा लिही: १५ मिनिटं. अर्धा तास मागू नकोस, तो कॅलेंडरमध्ये मीटिंग म्हणून बसवावा लागतो. पंधरा मिनिटं गाडीत, जेवणानंतर, कुठेही निघतात.

'कधी फ्री आहात' ऐवजी तुझ्या वेळा सांग आणि त्या मोकळ्याढाकळ्या ठेव, म्हणजे त्यांना फक्त एक निवडावी लागेल. 'मंगळवारी दुपारी ३ ते ३.१५' असं लिहिलंस तर तू त्यांना वेळ दिल्यासारखं होतं. 'संध्याकाळी साडेसहानंतर कधीही, पुढचे तीन आठवडे' हे बरं. वेळ निवडायच्या वेबसाइटची लिंक तर धाडूच नये. ज्युनियरने सिनियरला 'माझ्या कॅलेंडरवर जागा बुक करा' म्हणणं बरं दिसत नाही. कारखान्यातल्या माणसाला लिहिताना आणखी एक बघावं लागतं. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. आणि कंपनीगणिक वार बदलतो. म्हणून 'रविवारी तुम्ही मोकळे असालच' असलं काही लिहू नकोस. जर्मनीत असलेल्या एखाद्या सिनियरला लिहायची वेळ आली तर तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. उन्हाळ्यात आपल्याशी साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहायची आणि कंसात आपली.

नाही म्हणायची वाट. मेलमध्ये ती असली पाहिजे, आणि एकदाच. सर्वांत चांगली वाट म्हणजे छोटा पर्याय: फोन जमत नसेल तर पहिल्या प्रश्नाचं दोन ओळींत उत्तर चालेल. पुष्कळदा तेवढंच येतं, आणि त्या दोन ओळी कामाच्या असतात. पण 'वेळ नसेल तर हरकत नाही, खरंच हरकत नाही, त्रास देत असेन तर क्षमस्व' असं तीन-तीनदा लिहिलं की समोरच्याला तुझी समजूत काढावी लागते. तेही एक कामच.

'आगाऊ आभार' काढून टाक. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. 'उत्तराच्या प्रतीक्षेत' हेही काढ, ते वसुलीच्या पत्रात शोभतं.

रेझ्युमे. पहिल्या मेलला जोडू नकोस. तो जोडला की बोलण्याची विनंती मागे पडते आणि मेल नोकरीचा अर्ज होतो. मग सरांना तो एचआरकडे पाठवायचा का नाही हे ठरवावं लागतं, आणि न पाठवणारा माणूस उत्तर द्यायलाही कचरतो. शिवाय अनोळखी पत्त्यावरून आलेली अटॅचमेंट कंपन्यांच्या मेलमध्ये बऱ्याचदा अडते किंवा धोक्याची पट्टी लावून येते. 'काही संधी असल्यास' हे वाक्यही याच कारणाने जातं. पण मनात खरोखर इंटर्नशिपच असेल, तर प्रश्नांचा देखावा करू नकोस. सरळ इंटर्नशिपसाठी वेगळा मेल लिही. करिअरबद्दल बोलायचं म्हणून फोन घ्यायचा आणि चौदाव्या मिनिटाला 'सर, एखादी जागा…' काढायची, ही चाल सिनियर लोकांच्या चांगली ओळखीची झाली आहे. पुढच्या वर्षीच्या मुलीला ते वेळ देत नाहीत त्याचं कारण अनेकदा हे असतं.

आता हे सगळं एकत्र करून तुझा मेल असा होईल:

> विषय: अमुक कॉलेज, टी.ई. मेकॅनिकल: सीएईबद्दल १५ मिनिटं?
>
> नमस्कार ____ सर,
>
> मी आपल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा मेल आयडी माजी विद्यार्थी संघाच्या ऑफिसातून घेतला.
>
> मेळाव्यात तुम्ही म्हणालात की नवीन मुलं मेशिंगमध्येच अडकून पडतात. मी बाहासाठी स्टीअरिंग नकलचं अॅनालिसिस केलं. आतल्या कोपऱ्यात मेश बारीक करत गेले तसा स्ट्रेस वाढतच गेला. फिलेट दिल्यावर स्थिरावला. त्याचं कारण शोधण्यात मजा आली. नोकरीत असं काम कधी आणि कसं वाट्याला येतं, हे मात्र कळत नाही.
>
> याबद्दल तुमच्याशी फोनवर १५ मिनिटं बोलता येईल का? प्रश्न तीन आहेत:
>
> १. तुमच्या पाहण्यातले जे नवीन इंजिनिअर मेशिंगवरून पुढच्या कामाकडे सरकले, ते कशामुळे?
> २. एम.टेक. लगेच केलेल्या आणि दोन वर्षं नोकरी करून मग केलेल्या माणसाच्या कामात काय फरक दिसतो?
> ३. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ड्युरेबिलिटीवर करावा की एनव्हीएचवर, हे ठरवताना मी काय बघावं?
>
> मला पुढचे तीन आठवडे संध्याकाळी साडेसहानंतर कधीही जमेल. दुसरी वेळ सांगितलीत तर तीही जुळवेन. तुम्ही सांगाल त्या नंबरवर मी फोन करेन. फोनला वेळ नसेल तर पहिल्या प्रश्नाचं दोन ओळींत उत्तर दिलंत तरी खूप उपयोग होईल.
>
> आपली,
> (पूर्ण नाव), टी.ई. मेकॅनिकल
> (मोबाइल नंबर)

हा मेल तुझ्या मेलपेक्षा लांब आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. लांबी दीडशे शब्दांच्या आसपास राहिली तर चिंता नाही; मोबाइलवर दीड-दोन स्क्रीनमध्ये संपतो. आणि वाचून झाल्यावर सरांच्या वाट्याला एकच निर्णय उरतो, हो की नाही. एक वाक्य कापायचंच असेल तर तिसरा प्रश्न काप. नकलचं वाक्य कापू नकोस.

संबोधनाबद्दल थोडं. 'आदरणीय' नको, 'हाय' तर नकोच. आडनाव आणि 'सर' पुरे. मराठीत 'आपण' किंवा 'तुम्ही' यातलं एक धरून शेवटपर्यंत ठेव. पहिल्या ओळीत 'आपण' आणि शेवटी 'तुम्ही' असलं की दोन ठिकाणांहून उचलल्यासारखं दिसतं. मराठीत लिहायचा निर्णय तुझ्या बाबतीत बरोबर आहे. दुसऱ्या कुणाला लिहिताना ते ग्रुपवर इंग्रजीत लिहीत असतील तर इंग्रजीत लिही, रचना हीच ठेव. फक्त मग 'काइंडली', 'हंबल रिक्वेस्ट' आणि 'डू द नीडफुल' यांना वाट दाखव. 'आदरणीय'ची ती इंग्रजी भावंडं आहेत.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठव आणि मोबाइलवर उघडून बघ. विषय कुठे कापला जातो ते कळेल. दुसरीकडे लिहून इथे चिकटवला असेल तर अक्षरांचा आकार किंवा रंग मधेच बदललेला दिसतो, विशेषतः नावाच्या जागी, आणि एकच मेल वीस जणांना गेलाय हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. चिकटवताना `Ctrl+Shift+V` वापरलं की जुनं फॉरमॅटिंग येत नाही. त्याच कंपनीत आपल्या कॉलेजचे आणखी तिघे असतील तर चौघांना एकाच दिवशी लिहू नकोस. ते एकत्र डबा खातात. एकाला लिही, त्यांचं काय होतं ते बघ, मग दुसऱ्याला, आणि दुसऱ्याचे प्रश्न दुसरे.

मेल मंगळवार-बुधवारी सकाळी गेलेला बरा. सोमवारी सकाळी इनबॉक्स तुंबलेला असतो. मार्चअखेर आणि दिवाळीचा आठवडा सोड. रात्री दोनला लिहिलास तर जीमेलमध्ये 'शेड्यूल सेंड' आहे, सकाळची वेळ लावून ठेव.

मग आठ ते दहा दिवस काहीही करायचं नाही. मेल केलाय हे सांगायला व्हॉट्सअॅप नाही, लिंक्डइनवर रिक्वेस्ट नाही, ग्रुपमधून नंबर काढून मिस्ड कॉल तर अजिबात नाही. एकाच आठवड्यात तीन बाजूंनी गाठलं की तो घेराव होतो. दहाव्या दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे खाली पहिला मेल दिसेल असं, तीन ओळी लिही: 'नमस्कार सर, मागच्या आठवड्यातला मेल पुन्हा वर आणतेय. फोन जमत नसेल तर पहिल्या प्रश्नापुरतं उत्तरही पुरेल. सध्या गडबड असेल तर पुन्हा त्रास देणार नाही.' 'अद्याप आपले उत्तर मिळाले नाही' हे वाक्य त्यात नको, त्यात हिशोब मागितल्याचा सूर लागतो. आणि शेवटची ओळ लिहिलीस तर ती पाळायची. यानंतरही उत्तर आलं नाही तर विषय संपला. सहा-आठ महिन्यांनी प्रोजेक्ट पूर्ण झाला आणि त्यातून नवा प्रश्न निघाला, तर नवा मेल लिहायला हरकत नाही. जुन्याचा उल्लेख करू नकोस.

उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी कळव: वार, तारीख, वेळ, कोण फोन करणार. बरेच सिनियर मोघम लिहितात, 'कर कधीही फोन'. याचा अर्थ कधीही करावा असा नसतो. 'उद्या, बुधवारी, सव्वासातला करू का?' असं विचारून मगच कर. ठरलेल्या मिनिटाला फोन लाव. उचलला नाही तर पुन्हा लावू नकोस, 'सर, मी फोन केला होता, तुम्हाला सोयीचं झालं की सांगा' असा एक मेसेज टाक आणि फोन हातात ठेव. बोलणं रंगलं तरी चौदाव्या मिनिटाला आपणच म्हणायचं, 'सर, मी पंधरा मिनिटं म्हटलं होतं, ती होत आली.' त्यांना वेळ असेल तर तेच 'बोल, बोल' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल, त्याच मालिकेत, चार ओळींचा. त्यात त्यांनी सांगितलेल्यापैकी एक गोष्ट नाव घेऊन, आणि तू त्याचं काय करणार आहेस ते. ते केलंस की दोन-तीन महिन्यांनी एका ओळीत कळव, प्रश्न न जोडता. हे कळवणारी मुलं फार थोडी असतात आणि लक्षात राहतात.

फोनवर सर स्वतःहून म्हणाले, 'रेझ्युमे पाठव', तर मात्र लाजू नकोस आणि दोन दिवस तो सजवतही बसू नकोस. त्याच संध्याकाळी, त्याच मेल-मालिकेत, एक पानाची पीडीएफ पाठव. फाइलच्या नावात तुझं नाव आणि शाखा असू दे. 'फायनल_नवा_२' अशा नावाची फाइल पुढे कुणाला पाठवायची तर आधी सरांना तिचं नाव बदलावं लागतं.